कूलर घुमतो, पण पंखा फिरत नाही: ऐन नवतप्यातली एक तपासणी

कूलर दुरुस्तीची कामं करणाऱ्या आम्हा लोकांचा फोन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, दिवसभर वाजत असतो, आणि त्यातले निम्मे फोन एकाच वाक्यानं सुरू होतात: "मोटर जळली वाटते." खरं म्हणजे मोटर जळलेली क्वचितच असते. अकोल्यातल्या एका किराणा दुकानदाराचा असाच फोन आला, तेव्हा मी शहराच्या दुसऱ्या टोकाला एका कामात अडकलो होतो आणि रात्रीच्या आधी पोहोचणं शक्य नव्हतं. पोरगा वडलांचं दुकान नव्यानंच सांभाळायला लागला होता. टेस्टर धरण्यापलीकडे त्याला विजेचं काही येत नव्हतं. आम्ही फोनवर एकेक गोष्ट तपासत गेलो, आणि संध्याकाळपर्यंत त्यानं बिघाड स्वतः शोधून काढला. ज्या क्रमानं तपासलं तो क्रम इथे देतोय, कारण घरातल्या किंवा दुकानातल्या कुठल्याही लोखंडी डेझर्ट कूलरला तो लागू पडतो.

कूलर साधाच होता. लोखंडी पत्र्याचा डबा, समोर अठरा इंची पंखा, तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी आणि टाकीत बुडालेला छोटा पंप. मागच्या खिडकीबाहेर स्टँडवर ठेवलेला. दुपारी दीडच्या सुमारास पंख्याचा वेग मंदावला, म्हणून त्यानं बटण फुल्लवर नेलं. थोड्या वेळानं पंखा थांबला आणि नुसता आवाज येत राहिला.

"कूलर घुमून राहिला दादा, पण पंखा फिरतच नाही. शेजारचे म्हणतात मोटर गेली."

"वास येते काय? जळल्यासारखा?"

"नाही. पेटीतला गूळ पाघळला त्याचाच वास येऊन राहिला."

"मग आधी पंख्याचं बटण बंद कर. आत्ताच."

घुमणारा पंखा तसाच चालू ठेवायचा नाही. थांबलेली मोटर नेहमीपेक्षा जास्त करंट ओढते, आणि तिला थंड ठेवणारी पंख्याची हवाही बंद झालेली असते. मोटरमधल्या तारेचं वेटोळं, म्हणजे वायंडिंग, तापत जातं आणि काही मिनिटांत त्याचं व्हार्निश करपायला लागतं. 'थोड्या वेळानं फिरेल' म्हणून वाट पाहणारी माणसं चांगली मोटर खरंच जाळून बसतात.

हात लावण्याआधी

विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात. लोखंडी डबा, ओली जमीन, ओले हात आणि अर्थिंग नसलेली वायर, हे सगळं एकत्र आलं की पंपातली छोटीशी गळतीही जीव घेते. म्हणून तपासणी सुरू करण्याआधी बटण नव्हे, प्लग काढायचा. बटण बंद केलं की दोनपैकी एकच तार तुटते. जुन्या दुकानांत फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले सर्रास सापडतात. तसं असेल तर बटण बंद असतानाही फेज कूलरच्या आत येऊन बसलेला असतो. प्लग हातात आला की दोन्ही तारा सुटल्या, तिथे शंका उरत नाही.

पुढे चालू कूलरवर काही पाहावं लागलं, तर पायात कोरडी रबरी चप्पल हवी, हात पुसलेले हवेत आणि डब्याला स्पर्श करायचा नाही. डब्यात करंट उतरतो का हे पाहायला टेस्टरचं टोक रंग खरवडलेल्या पत्र्याला लावायचं. टेस्टरचा दिवा लागला तर कूलर वापरायचा नाही, तपासणी तिथंच थांबली. दिवा लागला नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका. लाकडी स्टुलावर किंवा जाड रबरावर उभं राहिलं की टेस्टर नीट लागत नाही, कारण त्याचा बारीकसा करंट माणसाच्या अंगातूनच जमिनीत जातो.

या दुकानात प्लग तीन पिनांचा होता, पण वरची जाड पिन कुणीतरी कापून टाकली होती, का तर एक्स्टेन्शन बोर्डाला दोनच भोकं. ती पिन म्हणजे अर्थिंग. नवा प्लग आणि तीन भोकांचा बोर्ड आणायचा, हे मी त्याला यादीत सगळ्यात वर लिहायला लावलं.

घुमण्याचा आवाज काय सांगतो

पंखा बंद पडतो तेव्हा दोनच गोष्टी होतात: आवाज येतो, किंवा येत नाही. या एका फरकावर अर्धी तपासणी उरकते.

बटण दाबून काहीच आवाज नसेल, तर वीज मोटरपर्यंत पोहोचतच नाही. मग प्लग, बोर्ड, वायरचा सांधा, रेग्युलेटरचं बटण असं भिंतीकडून मोटरकडे तपासत जायचं. त्याच बोर्डात मोबाईलचा चार्जर लावून पाहिला की वीज बोर्डापर्यंत आहे की नाही ते कळतं. सगळं ठीक असून मोटर मुकी असेल तर वायंडिंग तुटलंय, किंवा वायंडिंगच्या आतला थर्मल फ्यूज उडालाय. ते काम मिस्त्रीचं.

आवाज येत असेल, घुमत असेल, तर मोटरला वीज मिळतेय आणि निदान मुख्य वायंडिंग तरी शाबूत आहे. जळका वास नसेल तर आशा आणखी वाढते. आता बहुतेक वेळा कारणं तीनच उरतात: पंखा कुठेतरी अडकलाय, व्होल्टेज कमी आहे, किंवा कपॅसिटर कमजोर झालाय. आम्ही याच क्रमानं गेलो, कारण पहिल्याला काही लागत नाही, दुसऱ्याला एक आकडा वाचावा लागतो, आणि स्क्रू ड्रायव्हर तिसऱ्यालाच लागतो.

हातानं फिरवून पाहा

प्लग काढलेला आहे याची पुन्हा खात्री करून त्यानं समोरच्या जाळीतून लाकडी पट्टी घातली आणि पात्याला हलकासा धक्का दिला. पातं पाच-सहा फेरे सहज फिरून हळूहळू थांबलं. म्हणजे जाम नाही. ते अर्ध्या फेऱ्यातच थांबलं असतं तर मोटरचा शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश कोरडं पडलंय, किंवा पातं वाकून कड्याला घासतंय, असा अर्थ झाला असता.

इथे त्यानं एक प्रश्न विचारला आणि मला हसू आलं: "दोन थेंब तेल सोडू काय? इथे शेंगदाण्याचं आहे, सोयाबीनचं आहे, खोबऱ्याचं आहे." किराणा दुकानात तेलाला काय तोटा! पण खायचं तेल बुशमध्ये कधीही सोडायचं नाही. पहिले दोन दिवस पंखा मस्त पळतो, मग तापलेल्या शाफ्टवर ते तेल घट्ट होऊन चिकटतं, त्यावर धूळ बसते आणि बुश आणखी जाम होतं. शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं, शाफ्टच्या दोन्ही टोकांना दोन-तीन थेंब पुरे.

आणखी एक गोष्ट त्याच वेळी पाहून घ्यायची. जाळी काढून पात्याच्या मधला गट्टू धरून शाफ्ट वर-खाली हलवून पाहायचा. जाणवण्याइतका खेळ असेल तर बुश झिजलंय. अशी मोटर हातानं छान मोकळी फिरते आणि वीज दिली की अडकते, कारण चुंबकाच्या ओढीनं आतलं रोटर एका बाजूला खेचलं जाऊन घासतं. नवखी माणसं इथे फसतात. या पोराच्या कूलरमध्ये खेळ नव्हता.

कालच्या रात्री चालला, मग आज दुपारी का नाही?

हा प्रश्न त्यानंच विचारला, आणि तपासणीतला सगळ्यात कामाचा प्रश्न तोच होता. रात्री नऊला दुकान बंद करेपर्यंत हाच कूलर चालू होता. बिघाड जर मोटरमध्ये असेल तर त्याला दुपार आणि रात्र कशी कळणार?

दुपारी बदलतं ते व्होल्टेज. अख्ख्या मोहल्ल्याचे एसी, कूलर आणि फ्रीज एकाच वेळी चालू असतात, ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो आणि २३० ऐवजी २०० किंवा त्याहून कमी व्होल्ट दुकानात पोहोचतात. बल्ब थोडा मंद झाला तर आपल्याला कळतही नाही. मोटरला मात्र हे फार लागतं, कारण तिचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. व्होल्टेज पाचव्या हिश्शानं कमी झालं की जोर तिसऱ्या हिश्शाहून जास्त जातो.

व्होल्टेज मोजायला मल्टिमीटरच्या तारा बोर्डात खुपसणं नवख्यानं टाळावं. सॉकेटमध्ये खोचला की आकडा दाखवणारा छोटा व्होल्टमीटर इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, तो घ्यावा. इथे त्याचीही गरज पडली नाही. आइस्क्रीमच्या फ्रीजरला स्टॅबिलायझर होता, त्यावर आत येणाऱ्या व्होल्टेजचा आकडा दिसत होता, आणि कूलर व स्टॅबिलायझर दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होते.

"किती दाखवून राहिला?"

"एकशे शहाऐंशी."

"आता फ्रीजरचा प्लग स्टॅबिलायझरमधून काढ. स्टॅबिलायझर राहू दे. आणि आकडा सांग."

"एकशे पंच्याण्णव."

या दोन आकड्यांत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फ्रीजर काढूनही १९५ च आहे, म्हणजे बाहेरूनच वीज कमी येतेय. त्यावर दुकानात बसून काही इलाज नाही. पण एका फ्रीजरनं ९ व्होल्ट खाल्ले, हे बाहेरच्या लाइनचं काम नाही. फ्रीजर चालताना जेमतेम दोन-तीन अँपिअर घेतो. तेवढ्याला ९ व्होल्ट पडतात तेव्हा आपलीच वायर बारीक असते किंवा एखादा सांधा सैल असतो. मी त्याला मेन बटण बंद करून एक्स्टेन्शनचा भिंतीतला प्लग काढायला सांगितला. प्लग हाताला चटका बसेल इतका गरम होता, आणि सॉकेटच्या एका भोकाभोवतीचं प्लॅस्टिक तपकिरी पडलं होतं. सैल सांधा असाच ओळखू येतो. जे व्होल्ट कूलरला मिळायला हवेत, त्यांची तिथे उष्णता होत असते. पुढे कधीतरी तिथूनच आग लागते.

कूलर आणि फ्रीजर एकाच एक्स्टेन्शनवर ठेवायचे नाहीत. त्यानं कूलरची वायर सरळ भिंतीतल्या दुसऱ्या सॉकेटला नेली. करपलेलं सॉकेट बदलेपर्यंत ते वापरायचं नाही असं ठरलं, आणि फ्रीजरही दुसरीकडे हलवला.

आता प्लग लावून बटण दाबलं तर पंखा सुटला, पण कसाबसा. तीन-चार सेकंद घुमला, मग हळूहळू फिरायला लागला आणि पूर्ण वेग काही पकडेना. चांगली मोटर १९५ व्होल्टला एवढी रडत नाही.

कपॅसिटर

कूलरच्या मोटरमध्ये दोन वायंडिंग असतात. घरच्या सिंगल फेज विजेवर एकट्या मुख्य वायंडिंगला रोटर कुठल्या बाजूला फिरवायचा हे ठरवता येत नाही. ते नुसतं थरथरवतं, तोच तो घुमण्याचा आवाज. दुसऱ्या वायंडिंगला कपॅसिटरमार्फत वीज दिली की तिथला करंट थोडा पुढे सरकतो, दोघांचं मिळून फिरतं चुंबकक्षेत्र तयार होतं आणि रोटरला दिशा मिळते. कपॅसिटर पूर्ण गेलेल्या पंख्याला धक्का दिला तर तो ज्या बाजूला धक्का दिला त्या बाजूला फिरायला लागतो. काही मिस्त्री चालू कूलरमध्ये काडी घालून ही परीक्षा करतात. माझं म्हणणं, नवख्यानं ती करू नये. पातं सुटतं तेव्हा काडी आणि बोट यांत ते फरक करत नाही.

कपॅसिटर मोटरच्या मागे किंवा बटणांच्या पॅनलमागे असतो, काडेपेटीएवढा चौकोनी किंवा छोट्या डब्यासारखा गोल, आणि त्यातून दोन वायरी निघतात. त्यावर दोन आकडे छापलेले असतात. पहिला कपॅसिटरच्या क्षमतेचा, मायक्रोफॅरडमध्ये, आणि दुसरा व्होल्टचा. या कूलरचा कपॅसिटर ४ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्टचा होता.

काढण्याची पद्धत अशी. प्लग काढायचा. जोडणीचा मोबाईलवर फोटो काढायचा. मग प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रू ड्रायव्हर धरून त्याचं पातं कपॅसिटरच्या दोन्ही टोकांना एकदम टेकवायचं, म्हणजे आत साठलेला चार्ज निघून जातो. कधी बारीक ठिणगी पडते, कधी काहीच होत नाही. त्यानंतरच वायरी सोडवायच्या.

"दादा, हा तर नव्यासारखा दिसून राहिला. फुगला नाही, काही नाही."

हे नेहमीचं आहे. फुगलेला, तडकलेला, मेण गळालेला कपॅसिटर मेलाय हे कुणीही सांगेल. पण पंख्याचे कपॅसिटर बहुतेकदा न फुगताच हळूहळू ओसरतात. आतल्या पातळ फिल्मला जागोजागी बारीक भोकं पडतात, तेवढ्या जागेवरचा धातूचा थर उडून जातो आणि भोक बंद होतं. कपॅसिटर चालत राहतो, फक्त दर वेळी थोडा लहान होतो. उष्णतेत हे जास्त वेगानं होतं. म्हणून बघून नाही, मोजूनच ठरवायचं. इलेक्ट्रिकच्या दुकानात कपॅसिटर मोजणारा मीटर असतो. चांगल्या कपॅसिटरचा आकडा छापील आकड्याच्या पाच टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे ४ चा असेल तर ३.८ ते ४.२. याचा आला २.१.

आता रात्र आणि दुपारचं कोडं सुटलं. रात्री व्होल्टेज पुरेसं असायचं, तेव्हा अर्ध्यावर आलेला कपॅसिटरही मोटरला कसाबसा सोडवून घ्यायचा. दुपारी बाहेरून कमी आलेली वीज, सैल सॉकेटनं आणखी खाल्लेली, आणि त्यात हा कपॅसिटर. तिन्हींपैकी कुठलंही एक नसतं तर पंखा फिरला असता. सगळ्यात तापलेल्या दिवशीच कूलर का बंद पडतो याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

नवा कपॅसिटर शंभर रुपयांच्या आत येतो. घेताना छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा, व्होल्ट ४४० किंवा जास्त. दुकानदार कधी म्हणतो, "चारचा नाही, सहाचा लाव, पंखा जोरात पळेल." लावू नका. मोठ्या कपॅसिटरनं दुसऱ्या वायंडिंगमधून जास्त करंट जातो आणि मोटर तापत राहते. जोडताना उलटसुलट होण्याची भीती नाही, या कपॅसिटरला प्लस-मायनस नसतं. फोटो पाहून त्याच दोन वायरी त्याच्या दोन टोकांना जोडायच्या, टेप घट्ट गुंडाळायची आणि कपॅसिटर पाण्याचे थेंब उडणार नाहीत अशा जागी बसवायचा.

प्लग लावला, बटण दाबलं, पंखा एका दमात सुटला. नवा कपॅसिटर टाकूनही घुमतच राहिला असता, तर दुसरं वायंडिंग गेलं असा अर्थ होता. मग मोटर खोलण्याशिवाय गत्यंतर नाही.

पंखा पळतो, पण हवा गार नाही

अर्ध्या तासानं पुन्हा फोन. "हवा तर मस्त येऊन राहिली, पण पाहिजे तशी गार नाही."

इथे अंदाजानं बोलण्यापेक्षा मोजून पाहणं सोपं आहे. भिंतीवरचा साधा थर्मामीटर घ्यायचा आणि तीन ठिकाणी पाहायचं. बाहेर सावलीत: ४४ अंश. मग त्याच्या खालच्या गोळीवर ओल्या सुती कापडाची चिंधी गुंडाळून तो सावलीत पंख्याच्या वाऱ्यात धरायचा, आकडा उतरून स्थिर होईपर्यंत: २३ अंश. पाणी उडून जाताना हवा जास्तीत जास्त किती गार होऊ शकते, ते हा आकडा सांगतो. त्याच्या खाली कुठलाही कूलर जाऊ शकत नाही, कंपनी काहीही म्हणो. आता चिंधी काढून, थर्मामीटर कोरडा करून कूलरच्या तोंडाशी धरायचा: ३४.

४४ आणि २३ मधलं अंतर २१ अंशांचं. कूलरनं त्यातलं १० अंशांचंच कापलं, अर्ध्याहूनही कमी. ताट्या सगळीकडून भिजलेल्या असतील तर लोखंडी कूलर यातला साधारण पाऊण हिस्सा कापतो. म्हणजे आता पाण्याच्या बाजूला काहीतरी आहे.

ताटी बाहेरून हातानं दाबून पाहा, अर्थातच प्लग काढून. उजवी आणि मागची ओली होती, डावी वरपासून खालपर्यंत कोरडी खडखडीत. हवा नेहमी सोप्या वाटेनं घुसते, आणि कोरड्या ताटीतून घुसणं सोपं असतं. एक ताटी कोरडी राहिली की तिच्यातून येणारी ४४ अंशांची हवा बाकी दोघींची मेहनत वाया घालवते.

तिन्ही ताट्या कोरड्या असत्या तर पंपावर संशय होता. तेव्हा पंप बादलीत ठेवून, पूर्ण बुडवून चालवून पाहायचा आणि त्या वेळी हात पाण्यात घालायचा नाही. घुमतो पण पाणी फेकत नाही तर प्लग काढून तळाची जाळी उघडायची, आत छोटी चक्री असते, तिच्यात गवताचे धागे अडकलेले असतात. पाणी पंपाच्या खाली गेलं तर तो कोरडा फिरून जळतो. ४४ अंशांत असा कूलर तासाला १० ते १५ लिटर पाणी उडवतो, त्यामुळे सकाळी भरलेली टाकी दुपारी रिकामी होते, यात गळती शोधत बसू नये.

एकच ताटी कोरडी असेल तर दोष वरच्या नळीचा. ताटीच्या डोक्यावरून जाणाऱ्या नळीला ओळीनं भोकं असतात. बोअरच्या पाण्यातले क्षार त्यात पांढरे होऊन बसतात. त्यानं नळी काढून आणली तेव्हा वीसेक भोकांपैकी तीनच उघडी होती. सुई घालून भोकं मोकळी केली, मग नळी सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवली, लिटरभर कोमट पाण्याला दोन चमचे. हे लिंबूसत्त्व त्याच्याच दुकानात सुटं मिळत होतं. लोखंडी टाकीत मात्र ते ओतायचं नाही, पत्रा खातं.

क्षार साठतात कारण पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं. रोज वरून पाणी भरत राहिलं की टाकीतलं पाणी दिवसेंदिवस खारट होत जातं. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून तळ आणि कडा घासायच्या. डेंग्यूच्या डासाचं अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठ-दहा दिवसांत होतं, आणि त्याची अंडी टाकीच्या कडेला चिकटलेली असतात. नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तशीच राहतात.

नळी बसवल्यावर कूलरच्या तोंडाशी २९ आले. २१ पैकी १५ कापले, माझ्या दृष्टीनं हे काम फत्ते.

हवेला बाहेर जायची वाट

राहिलेली एक गोष्ट बिघाडात मोडत नाही, पण तिच्यापायी चांगला कूलर बदनाम होतो. दुपारचं ऊन आत येऊ नये म्हणून त्यानं शटर पार खाली ओढून घेतलं होतं, एका माणसापुरती फट ठेवून. कूलर जेवढी हवा आत ढकलतो तेवढी बाहेर जायलाच हवी. नाहीतर आतली हवा दमट होत जाते, अंग चिकचिकतं आणि पंख्याचा झोतही मंदावतो. किराण्यात त्याचं नुकसान आणखी वेगळं: मीठ पाझरतं, सुटी बिस्किटं मऊ पडतात, साखरेच्या गोण्यांच्या तळाला खडे होतात.

उदबत्ती लावून ती शटरच्या फटीशी धरायची. धूर जोरात आणि सरळ बाहेर ओढला गेला तर वाट अपुरी आहे, हवा कोंडलीय. सावकाश बाहेर सरकला तर ठीक. आत येत असेल तर कूलर बाहेरची हवा घेतच नाही, कुठूनतरी दुकानातलीच फिरवतोय. त्यानं शटर अर्ध्यावर नेलं आणि उन्हासाठी बाहेर गोणपाटाचा पडदा टांगला. कूलरसमोरच्या, म्हणजे पलीकडच्या टोकाच्या वाटेनं हवा बाहेर जाईल असं पाहिलं की अख्ख्या दुकानाला गारवा मिळतो.

जूनच्या मध्यावर पाऊस लागला की याच पोराचा फोन येईल हे मला ठाऊक आहे, कारण दर वर्षी कुणाचा ना कुणाचा येतोच: कूलर चालतो पण गार करत नाही. तेव्हा काहीही खोलायचं नाही. चिंधी गुंडाळलेला थर्मामीटर पाहायचा. बाहेर ३२ आणि ओल्या चिंधीत २९ दिसले तर कापायला तीनच अंश उरलेत, आणि पाऊण हिस्सा धरला तरी दोन अंशांहून थोडी जास्तच घट मिळणार. पंपाचं बटण बंद करायचं आणि नुसता पंखा चालवायचा. महिनाअखेर टाकी सुकवून, गवत काढून टाकून, शाफ्टला मशीनचं तेल देऊन कूलर झाकायचा, आणि नव्या कपॅसिटरवर बसवल्याची तारीख पेननं लिहून ठेवायची, पुढच्या मे महिन्यात मीटरवर काय आकडा येतो ते पाहायला.